जर्मनीला निघालेल्या मुलांशी बोलायचंय: पहिले ९९२ युरो हातात पडेपर्यंतचा महिना

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या एका अभ्यासिकेत बोलायला जातोय. ऑक्टोबरच्या सत्रासाठी जर्मनीला निघालेली आपल्या नाशिकची, निफाड-सिन्नरची मुलं आणि त्यांचे आईवडील येणार आहेत. एपीएस म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी, शिवाय प्रवेश, व्हिसा हे त्यांचं उरकलंय किंवा उरकत आलंय. मी तिथे शिकून आलो, आणि दर वर्षी जाणाऱ्या मुलांचे फोन घेतो. त्यावरून मला एकाच विषयावर बोलावंसं वाटतं: विमानातून उतरल्यापासून ब्लॉक्ड अकाउंटचे पहिले पैसे हातात येईपर्यंतचा काळ. घरची आठवण सगळ्यात जास्त याच काळात येते आणि पैशाची चणचणही याच काळात असते. या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात असं माझं ठाम मत आहे.

आधी पैशाचं सांगतो. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरून ठेवलेले असतात आणि ते दर महिन्याला ९९२ असे सुटतात. पालकांना वाटतं, एवढी रक्कम तिकडे आहे, मग बरोबर कशाला द्यायची? पण ते पैसे मुलाला तिथल्या चालू खात्यातूनच मिळतात. खातं उघडायला बऱ्याच बँका पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागतात, तिकडे त्याला आनमेल्डुंग म्हणतात. ती नोंदणी करायला घरमालकाचं किंवा वसतिगृहाचं सहीचं पत्र लागतं. म्हणजे आधी राहायची पक्की जागा, मग पत्र, मग नोंदणी, मग बँक, मग ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांना खात्याचा नंबर कळवायचा, मग पैसे. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नोंदणी करावी असा कायदा आहे, पण मोठ्या शहरांत वेळच त्याच्या पुढची मिळते.

एका मुलीचा हिशोब सभेत मांडणार आहे. मधल्या आकाराचं शहर, विद्यार्थी वसतिगृहात खोली, १ ऑक्टोबरला ताबा. अनामत ५०० युरो, ऑक्टोबरचं भाडं ३१०. गादी-उशी, पांघरूण, एक पातेलं, तवा, दिवा मिळून ९०. सिम आणि सुरुवातीची तिकिटं ४०. महिन्याचं खाणंपिणं २००. नोंदणीची वेळ मिळाली १४ तारखेला, बँकेचं खातं उघडलं २० ला, कार्ड आणि पिन वेगवेगळ्या पाकिटांतून टपालाने आले, ब्लॉक्ड अकाउंट जोडलं गेलं आणि पहिले ९९२ जमा झाले ४ नोव्हेंबरला. त्याच्या आदल्याच दिवशी नोव्हेंबरचं भाडं ३१० द्यायचं होतं. बेरीज १,४५०. युरो शंभरीच्या पुढे गेलाय, म्हणजे साधारण दीड लाख रुपये पहिला हप्ता येण्याआधीच हवेत.

हप्ता आला तरी तो सगळा आपला नसतो. आरोग्य विमा महिन्याला १४० च्या आसपास असतो आणि खातं उघडल्यावर दोन महिन्यांचा एकदम कापला जातो. म्हणजे ९९२ तले जवळपास २८० गेलेच.

तर मी म्हणतो, वसतिगृहात जाणाऱ्याने १,८०० आणि खाजगी घरात जाणाऱ्याने २,८०० युरो वेगळे ठेवावेत. तुम्हाला काय वाटतं? घरच्या आठवणीबद्दल पुढे लिहितो, आधी हे तपासून द्या.

सातपूरकर

चांगला विषय. पण जरा घाबरवताय असं वाटलं. माझ्या भाच्याने फोनवरच्या एका ऑनलाइन बँकेत पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून खातं उघडलं, नोंदणीचा कागद कोणी मागितला नाही. आठवड्यात पैसे आले. शिवाय मुलं लगेच काम धरतात, वर्षाला १४० पूर्ण दिवस परवानगी आहे. पहिल्या महिन्यातच खर्च निघतो.

ओंकार, केम्निट्झ

सातपूरकर काका, खात्याचं तुमचं बरोबर आहे, काही बँका नुसत्या पासपोर्टवर उघडतात. पण ते कार्डही टपालानेच येतं आणि पत्ता तर लागतोच. कामाचं मात्र जमत नाही हो. १४० दिवस ही परवानगी झाली, नोकरी नव्हे. पगारासाठी टॅक्सचा नंबर लागतो, तो नोंदणीनंतर टपालाने येतो. जर्मन येत नसेल तर कॅफेत उभं करत नाहीत. गोदामातलं काम मिळालं तरी पगार पुढच्या महिन्यात. इथे ऑक्टोबरमध्ये आलेल्या मुलांपैकी नाताळाच्या आधी पगार पाहिलेली फार थोडी. पहिल्या महिन्याच्या हिशोबात कमाईचा रकाना शून्यच धरा.

गोदाकाठ दादा, टपालाचा विषय निघालाय तर एक गोष्ट नक्की सांगा. खाली पेटीवर आडनाव नसेल तर पोस्टमन पाकीट परत नेतो. इथे खोली क्रमांक नसतो, आडनावावरून टपाल येतं. दुसऱ्याच्या खोलीत तात्पुरता राहिलेला एक मुलगा पिनची वाट बघत बसला होता, पेटीवर त्याचं नावच नव्हतं. राहायला गेल्या दिवशी चिठ्ठीवर आडनाव लिहून पेटीवर चिकटवायचं. पासपोर्टवर असेल तेच, तसंच लिहायचं.

द्राक्षबाग निफाड

माझी मुलगी यंदा जातेय. बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलंय, बाग तारण आहे. दोन प्रश्न. एक, कर्जाच्या पैशावर तो टीसीएस का काय तो कापतात का? दोन, दीड लाख रुपये रोख द्यायचे म्हणजे बॅगेत नोटा द्यायच्या का? मुलगी एकटी जाणार, मला ते बरं वाटत नाही.

मंजिरी फडके

नमस्कार दादा. मी बऱ्याच वर्षांपासून बँकेच्या परकीय चलन विभागात आहे, म्हणून उत्तर देते. टीसीएस म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर. मान्य संस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर आता टीसीएस नाही. स्वतःच्या पैशातून पाठवत असाल तर आर्थिक वर्षात एकूण १० लाखांपर्यंत कापत नाहीत, त्याच्या वर कापतात आणि ते विवरणपत्र भरताना मिळवता येतात. रक्कम एकाच पॅनवर मोजली जाते, म्हणून पैसे कोणाच्या खात्यातून जाताहेत ते लिहून ठेवा.

रोखीचं म्हणाल तर सगळ्या नोटा देऊ नका. ३०० ते ४०० युरो नोटांत, त्याही पाच, दहा, वीसच्या. बाकी फॉरेक्स कार्डावर. पण इथेच मुलं अडतात. फॉरेक्स कार्ड दुकानात चालतं, एटीएमला चालतं, पण त्यातून कोणाच्या खात्यात पैसे वळते करता येत नाहीत. आणि तिकडे भाडं, अनामत हे बहुतेक खात्यातूनच घेतात. कार्डावर दोन हजार युरो आहेत आणि ५०० ची अनामत भरता येत नाही, अशी अवस्था होते. एटीएमवर रोजची मर्यादा असते, दर वेळी शुल्क कापतं, आणि रोख घ्यायला वसतिगृहाचं कार्यालय तयार असेलच असं नाही.

त्यामुळे अनामत आणि पहिल्या महिन्याचं भाडं निघण्याआधी इथूनच बँकेतून पाठवून टाका. वसतिगृहाचं करारपत्र आलेलं असतं, त्यावर खातं असतं. पाठवताना फॉर्मवर शुल्क कोण भरणार असा रकाना असतो, तिथे `OUR` निवडा. `SHA` ठेवलं तर मधल्या बँका आपापलं कापून घेतात आणि तिकडे वीस-तीस युरो कमी पोचतात. ब्लॉक्ड अकाउंटच्या बाबतीत हे फार नडतं. ११,९०४ च्या जागी ११,८८० पोचले तर व्हिसासाठीचं खात्रीपत्रच निघत नाही, आणि उरलेले २४ युरो पाठवायला पुन्हा तेवढाच खटाटोप. म्हणून `OUR` निवडूनही पन्नासेक युरो जास्तच पाठवा.

आणि खाजगी माणसाला मात्र घर न बघता इथून एक पैसा पाठवू नका. "मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, चावी कुरिअरने देतो" असा निरोप आला की तो फसवणारा समजायचा.

द्राक्षबाग निफाड

ताई, फार उपकार झाले. हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. मुलीचं वसतिगृह आहे, अनामत इथूनच भरतो.

सुनंदा देवळाली

माझा मुलगा टोरंटोला आहे. त्यांचं जीआयसी नावाचं ठेवीचं खातं असतं, बँकेने त्यातले काही पैसे गेल्या गेल्या दिले आणि उरलेले दर महिन्याला. तेव्हा आम्हाला असं काही करावं लागलं नाही. बोलताना सगळं परदेश एकच धरू नका, एवढंच म्हणायचं होतं. बाकी आठवणीचं म्हणाल तर पहिला महिना रोज तीनदा फोन व्हायचा. तो जेवला का हे कळल्याशिवाय मला घास जात नव्हता.

गोदाकाठ

सुनंदाताई, बरोबर. सभेत सुरुवातीलाच सांगेन की हे फक्त जर्मनीचं आहे. मंजिरीताई, कार्डातून अनामत जात नाही हा मुद्दा मी पहिल्या पाच मिनिटांतच घेतो.

खाजगी घराच्या २,८०० चा हिशोब सांगायचा राहिला होता: तिथे अनामत कायद्याने मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत घेता येते. ४०० चं भाडं असेल तर १,२००. ती तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे, पण घरमालक सहसा एकदम मागतात आणि नव्या मुलाला "मी हप्त्याने देईन" म्हणायचा धीर होत नाही. एकदम द्यावी लागेल असं धरूनच मी आकडा काढलाय.

आता आठवणीचं. मला वर्षानुवर्षं दिसलेली गोष्ट लिहितो.

मुलगा पोचतो. पहिले आठ-दहा दिवस धावपळीत जातात, त्या दिवसांत कोणाला फारशी आठवण येत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र माणूस खचतो. तोवर नोंदणी झालेली असते, पैसे आलेले नसतात, व्याख्यानं सुरू झालेली असतात आणि जर्मनीतली शरदातली संध्याकाळ लवकर काळोखी व्हायला लागलेली असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. तोवर आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असलेला मुलगा साडेचार तास मागे जातो, आणि पाचच्या सुमारास दिवस मावळतो. रविवारी दुकानं बंद. इकडे नवरात्रापासून दिवाळीपर्यंतचे दिवस, पंचवटीतून, घरातून फोटोंवर फोटो येतात.

यात पैशाचं काय होतं ते बघा. हातातली रक्कम आटत असते, म्हणून प्रत्येक गोष्ट शंभराने गुणली जाते. कॉफी तीन युरो, म्हणजे तीनशे रुपये. वर्गातली पाच मुलं मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत जेवायला निघतात. साडेतीन युरोची थाळी. हा म्हणतो, मला भूक नाही. खोलीवर येऊन खिचडी करतो, एकटा जेवतो, घरी फोन लावतो. दुसऱ्या दिवशी ती मुलं त्याला विचारत नाहीत. आठवडाभरात तो एकटा पडतो, आणि मग फोनवर "मला परत यायचंय" म्हणतो. पालकांना वाटतं मूल हळवं आहे. खरं तर त्याने दिवसाला साडेतीन युरो वाचवले आणि त्यात त्याची ओळख होण्याची संधी गेली.

म्हणून पहिल्या महिन्याच्या रकमेत ६० युरो फक्त माणसांसाठी ठेवावेत असं मी सांगणार आहे. मेन्सा, एखादी कॉफी, विभागाची सहल. त्यातलं काही घरी पाठवायचं नाही आणि त्याचा हिशोबही मागायचा नाही.

द्राक्षबाग निफाड

दादा, बाकी सगळं पटलं, हे जरा जड जातंय. सहा हजार रुपये कॉफीला? आमच्याकडे बागेचा पैसा वर्षातून एकदा येतो, तोही भाव मिळाला तर. पोरीला माहितीय घर कसं चालतं. ती खोलीत करून खाईल यात मला काही वाईट दिसत नाही.

ओंकार, केम्निट्झ

काका, ती खोलीत करून खाऊ देच, मीही खातो. पण रोज दुपारी नाही. इथे गटाने असाइनमेंट करावी लागते आणि गट कसे पडतात तर जेवायला बरोबर बसणारे एका गटात. उरलेल्यांचा उरलेल्यांबरोबर. मी म्हणेन आठवड्यातून तीन दुपारी मेन्सा, महिन्याला चाळीस-पंचेचाळीस युरो होतील. बाकी रात्री वरणभात. तुमचा आणि दादांचा आकडा मधेच कुठेतरी जुळतो की.

नंदिनी पंचवटी

मी महाविद्यालयात समुपदेशक आहे. गोदाकाठ, तुमचं निरीक्षण मोलाचं आहे, पण सगळं पैशावर ढकलू नका. भरपूर पैसे असलेली मुलंही खचतात. पालकांना खुणा सांगा. फोनवर रडणारं मूल बहुधा सावरतं, कारण ते बोलतंय. काळजी करावी ती वेगळ्याची: कॅमेरा बंद ठेवतो, झालं, जेवलो, ठीक आहे एवढंच म्हणतो, दिवसा झोपतो, व्याख्यानाला जात नाही, शिजवणं बंद करून बिस्किटांवर राहतो. हे दोन आठवडे सलग दिसलं तर वाट बघायची नाही. तिकडच्या विद्यार्थी सेवा संस्थेत, श्टुडिएरेंडेनवेर्कमध्ये, मानसिक सल्ल्याची सोय असते. बहुतेक ठिकाणी फी नसते, बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत बोलता येतं, आणि तिथलं बोलणं ना विद्यापीठाला जातं ना व्हिसाच्या कार्यालयाला. ही शेवटची गोष्ट मुलांना मुद्दाम सांगा, कारण "रेकॉर्डवर येईल" या भीतीने ती जात नाहीत. वेळ मिळायला काही दिवस लागतात, म्हणून पत्ता आणि फोन पहिल्याच आठवड्यात काढून ठेवावा.

आणि सुनंदाताई, राग मानू नका, पण तीनदा फोन मला जास्त वाटतो. सकाळ-दुपार-संध्याकाळ फोन असला की मूल मनाने इथेच राहतं. दिवसाआड एक ठरलेली वेळ पुरे.

सुनंदा देवळाली

राग नाही. पण तुमच्या दिवसाआडने माझा मुलगा कोलमडला असता, मी त्याला ओळखते. तो फोन चालू ठेवून स्वयंपाक करायचा, मी इकडे भाजी निवडायची. बोलायचो नाही फारसं. महिन्या-दोन महिन्यांनी त्याचे मित्र झाले आणि फोन आपोआप कमी झाले. ठरवून कमी करायचे असतात असं मला नाही वाटत.

नंदिनी पंचवटी

हेही होतं, नाकारत नाही. फोन किती यापेक्षा फोनमुळे तो खोलीबाहेर पडायचा थांबतो का, हे पाहावं. तुमचा मुलगा थांबला नव्हता.

सातपूरकर

कामाचं ओंकारचं मान्य. एक विचारतो: भाचा तिकडून इथल्या बँकेत शिरू शकला नाही, ओटीपी येईना. आईच्या खात्यातून पाठवायला बराच उशीर झाला. हे कशामुळे?

मंजिरी फडके

भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू नसल्यामुळे. निघण्याआधी दुकानात जाऊन रोमिंग सुरू करून घ्यायचं, सिम फोनमध्ये दुसऱ्या खाचेत ठेवायचं, आणि इथून कोणीतरी ते वेळेवर रिचार्ज करत राहायचं. रिचार्ज संपून नंबर बंद पडला तर तिथून तो परत चालू करणं फार अवघड. बँकेतला नंबर तोच ठेवा. आणि पैसे पाठवणाऱ्या पालकाने मुलाला नोंदीत लाभार्थी म्हणून आधीच जोडून एक लहान रक्कम पाठवून पाहावी. गरज पडेल त्या रात्री पहिल्यांदा फॉर्म उघडू नये.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. बोलण्याचा क्रम बदलतोय. आधी मंजिरीताईंचं: अनामत इथून, `OUR`, कार्डाची मर्यादा, रोमिंग. मग तारखांसकट मुलीचा हिशोब. मग नंदिनीताईंच्या खुणा, आणि सल्ला केंद्राबद्दल त्यांनी सांगितलेलं तसंच्या तसं. ६० युरोचा आकडा मी सोडत नाही, पण निफाडच्या दादांचं म्हणणं आणि ओंकारचे तीन दिवस दोन्ही सांगेन, प्रत्येक घराने आपला आकडा निघण्याआधी मुलासमोर ठरवावा. फोन किती करावा यावर मी काही सांगणार नाही, पालकांनाच बोलायला लावेन.

ऋतुजा मेरी

मी यंदा जातेय, रविवारी येणार आहे. माझा एक प्रश्न इथे बसत नाहीये. वसतिगृहात नंबर लागला नाही, प्रतीक्षा यादी आहे. एका मुलीने सहा आठवड्यांसाठी तिची खोली देते म्हटलंय, पण नोंदणीचं पत्र मिळणार नाही म्हणते. घ्यावी का?

ओंकार, केम्निट्झ

पत्र का नाही ते आधी विचार. तिने मूळ मालकाला न विचारता खोली दिली असेल तर पत्र देणार नाही, आणि मालकाला कळलं तर तुला बाहेर पडावं लागेल. पत्राविना सहा आठवडे म्हणजे नोंदणी सहा आठवडे नाही. ऑनलाइन बँक मिळाली तर ९९२ येतील, पण टॅक्स नंबर आणि पुढचा रहिवासी परवाना अडकेल. तुझ्या व्हिसावर मुदत काय आहे? तीन महिन्यांचा असेल तर नको. सहा महिन्यांचा असेल तर मी कदाचित घेईन, पण दुसरं घर शोधणं पहिल्या दिवसापासून चालू ठेवूनच.

ऋतुजा मेरी

व्हिसा अजून हातात नाही, पुढच्या आठवड्यात कळेल. तिला मालकाच्या परवानगीचं विचारते.

गोदाकाठ

ऋतुजा, व्हिसा आला की तारीख इथेच टाक. आणि त्या शहराच्या नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर आत्ताच बघ. बऱ्याच ठिकाणी इथे बसून वेळ घेता येते, पत्ता मागाहून दिला तरी चालतो. ऑक्टोबरच्या मध्यातली एखादी वेळ घेऊन ठेव, घर मिळालं नाही तर रद्द करता येईल.